दहा टक्क्यांचा कागद, तेरा टक्क्यांचा पैसा

वित्तव्यवस्थापनाच्या पेपरात हमखास येणारं एक गणित आहे. कंपनीकडे थोडं कर्ज आहे, थोडे अग्रहक्क भाग म्हणजे प्रेफरन्स शेअर आहेत आणि बाकीचं भांडवल समहक्क भागांचं आहे. या सगळ्या पैशाचा तिला वर्षाला सरासरी किती टक्के खर्च पडतो, ते काढायचं. मी वाणिज्य शाखेच्या मुलांना संध्याकाळी शिकवतो. मुलांचं कर्ज बरोबर येतं, समहक्क भागांचं सूत्रही त्यांनी घोकलेलं असतं. चूक होते ती मधल्या ओळीत. प्रश्नात ‘१० टक्के अग्रहक्क भाग’ असं लिहिलेलं असतं आणि उत्तरात मुलं खर्च म्हणून सरळ १० टक्के मांडतात. काही जण त्यातून आयकरही वजा करतात.

ही चूक मी वर्गात पुन्हा पुन्हा समजावतो, कारण तिच्यामागे पैशाविषयीचा एक खरा गैरसमज आहे. कागदावर छापलेला दर ही कंपनीने दिलेली कबुली असते. खर्च ठरतो तो त्या कबुलीच्या बदल्यात कंपनीच्या हातात प्रत्यक्ष किती पैसा पडला यावर. हे पटवण्यासाठी मी एक खरा व्यवहार सांगतो. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेत झालेल्या या व्यवहारात कागदावर १० टक्के होते, पण हिशेब जवळपास १३ टक्क्यांचा निघाला.

शाळेतल्या बक्षिसाची ठेव

अग्रहक्क भागात ‘अग्र’ आहे ते दोन ठिकाणी. लाभांश आधी या भागधारकांना मिळतो, मग समहक्क भागधारकांना. कंपनी बंद पडली तर देणेकऱ्यांचं भागवून जे उरेल, त्यावर पहिला हक्क यांचाच असतो. त्याच्या बदल्यात हे भागधारक दोन गोष्टी सोडतात. त्यांचा लाभांश ठरलेला असतो, कंपनी कितीही वाढली तरी तो वाढत नाही. आणि सर्वसाधारणपणे त्यांना मतदानाचा हक्क नसतो. अमेरिकेत असे बरेच भाग ‘कायमचे’ असतात, म्हणजे मुद्दल अमुक तारखेला परत करू असं वचनच नसतं. लाभांश मात्र दरवर्षी, शेवटाची तारीख न घालता.

जे कधीच संपत नाही त्याची किंमत कशी काढायची, असं मुलं विचारतात. उत्तर आपल्या गावातल्या शाळेत सापडतं. कुणीतरी आईवडिलांच्या स्मरणार्थ शाळेकडे रक्कम ठेवतं आणि सांगतं, हिच्या व्याजातून दरवर्षी दहावीतल्या पहिल्या आलेल्या मुलाला ८०० रुपयांचं बक्षीस द्या. मुद्दलाला हात लावायचा नाही. व्याजदर ८ टक्के असेल तर किती रक्कम ठेवावी लागेल? दहा हजार. व्याज ५ टक्क्यांवर आलं तर तेवढंच बक्षीस चालू ठेवायला सोळा हजार लागतील. कायमच्या अग्रहक्क भागाचं मूल्यांकन म्हणजे हेच गणित:

किंमत = वार्षिक लाभांश ÷ गुंतवणूकदाराला हवा असलेला परतावा

अनंत काळ मिळणाऱ्या पैशाची किंमत मर्यादित कशी, हे कोडंही इथेच सुटतं. ५० वर्षांनी मिळणाऱ्या ८ डॉलरची आजची किंमत ८ टक्के दराने फक्त १७ सेंट भरते. दरवर्षी ८ डॉलर देणाऱ्या भागाची किंमत ८ टक्क्यांनी १०० डॉलर येते, आणि त्यातले ९० डॉलर पहिल्या तीस वर्षांच्या लाभांशाचेच असतात. त्यापुढचा सगळा काळ मिळून दहाच डॉलर.

गुंतवणूकदार हे सूत्र किंमत काढायला वापरतो. कंपनी तेच उलटं फिरवते:

खर्चाचा दर = वार्षिक लाभांश ÷ भाग विकून हातात आलेली निव्वळ रक्कम

पुढची सगळी गोष्ट या दुसऱ्या सूत्राच्या छेदाची आहे.

पाच अब्जांचे दोन तुकडे

१५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्सने दिवाळखोरी जाहीर केली. गुंतवणूक बँकांना कुणी उधार द्यायला तयार नव्हतं. आठच दिवसांनी, २३ तारखेला, गोल्डमन सॅक्सने जाहीर केलं की वॉरन बफे यांची बर्कशायर हॅथवे आपल्यात ५ अब्ज डॉलर घालणार आहे. हे पैसे कायमच्या अग्रहक्क भागांच्या रूपात येणार होते आणि त्यांवर लाभांश होता १० टक्के, म्हणजे वर्षाला ५० कोटी डॉलर. दर सेकंदाला साधारण १६ डॉलर, रात्री आणि रविवारीसुद्धा.

सरळ भागाकार केला तर ५० कोटी भागिले ५०० कोटी, म्हणजे १० टक्के. पण कराराचा दुसराही भाग होता. बर्कशायरला पाच वर्षांसाठी वॉरंट मिळाले होते, म्हणजे गोल्डमनचे ५ अब्ज डॉलरपर्यंतचे समहक्क भाग ११५ डॉलरच्या ठरलेल्या भावाने घेण्याचा हक्क. त्या दिवशी बाजारभाव १२५ डॉलरच्या आसपास होता. दुसऱ्याच दिवशी गोल्डमनने सामान्य गुंतवणूकदारांना नवे समहक्क भाग विकले तेही १२३ डॉलरने. म्हणजे हे वॉरंट हातात पडले तेव्हापासूनच त्यांना किंमत होती.

तेव्हा बर्कशायरने ५ अब्ज दिले ते दोन वस्तूंसाठी: अग्रहक्क भाग आणि वॉरंट. दुकानदाराने पाच हजारांत मिक्सर आणि त्यासोबत घड्याळ दिलं, तर मिक्सरचे पाच हजार पडले असं आपण म्हणत नाही. घड्याळाची किंमत वजा करतो. हिशेबनीसही तेच करतात. गोल्डमनच्या पुस्तकांत या अग्रहक्क भागांची नोंद ५ अब्जांना नव्हतीच. ती किती होती, ते २०११ मध्ये उघड झालं. कंपनीने हे भाग ५.५ अब्ज डॉलर देऊन परत घ्यायचं ठरवलं आणि परतफेडीची रक्कम व पुस्तकी किंमत यांतला १.६४ अब्जांचा फरक लाभांश म्हणून दाखवला. साडेपाचातून १.६४ गेले, उरले ३.८६ अब्ज.

आता छेद बदलतो. वर्षाला ५० कोटी डॉलर भागिले ३८६ कोटी डॉलर, म्हणजे १२.९५ टक्के. करारावर १० टक्के आहेत, पण अग्रहक्क भागांपोटी खऱ्या अर्थाने आलेल्या पैशावर खर्च जवळपास १३ टक्के. मधले तीन टक्के वॉरंटमध्ये लपलेले होते, आणि त्यांचा भार समहक्क भागधारकांवर होता. २०१३ मध्ये वॉरंटचा हिशेब मिटवताना बर्कशायरने एक डॉलरही न भरता गोल्डमनचे सुमारे १.३१ कोटी भाग घेतले. त्या वेळच्या भावाने त्यांची किंमत दोन अब्ज डॉलरच्या घरात जात होती.

साध्या, वॉरंट नसलेल्या विक्रीतही छेद कमी होतो, फक्त कारण साधं असतं. भाग विकून देणाऱ्या मध्यस्थांची दलाली, वकील, छपाई, नोंदणी हा सगळा खर्च वजा होऊनच पैसा कंपनीच्या खात्यात पडतो. गणितात ‘विक्रीखर्च’ असा शब्द दिसला की तो लाभांशात मिळवायचा नसतो, किमतीतून वजा करायचा असतो.

करातून सूट नाही

दुसरी चूक कराची. कर्जावरचं व्याज हा कंपनीचा खर्च असतो, तो वजा करून उरलेल्या नफ्यावर कर लागतो. २००८ मध्ये अमेरिकेचा कंपनीकर ३५ टक्के होता. त्यामुळे १० टक्के व्याजाचं कर्ज कंपनीला करानंतर ६.५ टक्क्यांना पडायचं. अग्रहक्क भागांचा लाभांश मात्र कर भरून उरलेल्या नफ्यातून जातो. ३५ टक्के दर पूर्ण लागू आहे असं धरलं, तर ५० कोटी लाभांश देण्यासाठी कराआधी सुमारे ७७ कोटी कमवावे लागतात. म्हणून अग्रहक्क भागांच्या खर्चातून कर वजा करणं साफ चूक आहे.

मग एवढं महाग भांडवल कुणी का घ्यावं? कारण ते कर्जासारखं गळ्याशी येत नाही. लाभांश चुकला तरी कंपनी दिवाळखोर ठरत नाही. मुद्दल परत करायची तारीखच नसल्याने अडचणीच्या वर्षी कुणी दारात उभं राहत नाही. बँकेच्या नियामकांच्या लेखी हे भांडवल म्हणून गणलं जातं, कर्ज म्हणून नाही. आणि मालकीतला मतांचा वाटा कमी होत नाही. गोल्डमनला त्या आठवड्यात नेमकं हेच हवं होतं. शिवाय बफे यांनी पैसे घातले या बातमीने बाजाराला जो धीर आला, त्याचीही ती किंमत होती.

‘कायमचे’ कुणासाठी?

या भागांना अंत नव्हता तो फक्त बर्कशायरच्या बाजूने. गोल्डमनला १० टक्के जास्तीचे देऊन ते केव्हाही परत घेण्याची मुभा होती. एप्रिल २०११ मध्ये, घेतल्यापासून अडीच वर्षांनी, तिने ते घेतले.

इथे शाश्वत सूत्राची मर्यादा दिसते. १२.९५ टक्के हे उत्तर लाभांश खरंच कायम चालू राहील असं धरून आलेलं आहे. प्रत्यक्षात ३.८६ अब्ज आले, अडीच वर्षं लाभांश गेला आणि शेवटी ५.५ अब्ज परत द्यावे लागले. या तिन्हींचा मेळ घालणारा वार्षिक दर काढला तर तो साधारण २८ टक्के येतो. जास्तीची रक्कम आणि वॉरंटचा तुकडा या दोन्हींचा भार इतक्या कमी काळावर पडल्याने दर असा चढतो.

म्हणजे परत घेण्यात गोल्डमनने घोडचूक केली का? नाही. हा प्रश्न मी मुलांना मुद्दाम विचारतो. २०११ मध्ये मागचे पैसे येऊन गेलेले होते. समोरचा प्रश्न एवढाच होता: आज ५.५ अब्ज देऊन वर्षाचे ५० कोटी कायमचे वाचवायचे का? ५० भागिले ५५० म्हणजे ९.०९ टक्के. याहून स्वस्त भांडवल मिळत असेल तर परत घेणं फायद्याचं. समजा बाजार अशा भागांवर ७ टक्के मागत असता, तर वर्षाला ५० कोटी देणाऱ्या या भागांची शाश्वत किंमत ७.१४ अब्ज झाली असती. ती वस्तू ५.५ अब्जांत परत मिळत होती.

म्हणूनच गुंतवणूकदाराने परत घेण्याचं कलम असलेल्या भागाला सूत्राची पूर्ण किंमत देऊ नये. दर उतरले की सूत्र वरची किंमत दाखवतं, पण कंपनी तुम्हाला तिथवर पोहोचू देत नाही. दर चढले तर मात्र ती भाग तुमच्याकडेच ठेवते.

परतफेडीचा घाव कुणाला बसला, तेही पाहा. २०११ च्या पहिल्या तिमाहीत गोल्डमनचा निव्वळ नफा २.७४ अब्ज होता. १.६४ अब्जांची ही एकवेळची नोंद आणि इतर अग्रहक्क लाभांश वजा झाल्यावर समहक्क भागधारकांच्या वाट्याला ०.९१ अब्ज उरले.

आता पेपरातलं गणित

एवढं समजल्यावर भांडवल रचनेचं गणित अवघड राहत नाही. अमेरिकेतल्या एका काल्पनिक कंपनीचं उदाहरण घेऊ. तिच्या कर्जरोख्यांचं बाजारमूल्य १०.८ कोटी डॉलर आहे, व्याज ७ टक्के आणि आजचा कंपनीकर २१ टक्के. समहक्क भागांचं बाजारमूल्य २१.६ कोटी, त्यांच्यावर गुंतवणूकदारांना हवा असलेला परतावा १२ टक्के. अग्रहक्क भाग ४ लाख, दर्शनी किंमत १०० डॉलर, लाभांश ७ डॉलर. बाजारात असा भाग ९० डॉलरला जातो आणि नवा विकायचा तर दर भागामागे अडीच डॉलर खर्च येतो.

आधी अग्रहक्क भाग. नव्वदातून अडीच गेले, हातात ८७.५ डॉलर. सात भागिले ८७.५ म्हणजे ८ टक्के. छापील ७ टक्के इथे कुठेच लागत नाहीत, आणि करही नाही. कर्जाचे ७ टक्के करानंतर ५.५३ टक्के होतात. समहक्क भागांचे १२.

मग वजनं, आणि तीही बाजारभावाने. अग्रहक्क भागांचे ४ लाख गुणिले ९० म्हणजे ३.६ कोटी. एकूण भांडवल ३६ कोटी. त्यात कर्ज ३० टक्के, अग्रहक्क १० टक्के, समहक्क ६० टक्के. गुणाकार करून बेरीज केली की १.६६ अधिक ०.८० अधिक ७.२०, म्हणजे सरासरी खर्च ९.६६ टक्के.

आता चुकीच्या वाटेने जाऊ. छापील ७ टक्के घेतले आणि त्यातूनही कर वजा केला, तर मधला आकडा ५.५३ होतो आणि सरासरी ९.४१ टक्क्यांवर येते. फरक पाव टक्क्याचा. पण हीच कंपनी १० कोटींचा असा प्रकल्प तपासत असेल, जो दरवर्षी कायम ९५ लाख देईल, तर ९.४१ टक्क्यांनी त्याची किंमत १०.१० कोटी दिसते, ९.६६ टक्क्यांनी ९.८३ कोटी. एकीकडे नफा, दुसरीकडे तोटा. निर्णय उलटायला पाव टक्का पुरतो.

भागाकार खोटं बोलतो तेव्हा

सूत्र वापरताना एक इशारा लक्षात ठेवायला हवा, आणि त्याचं उदाहरण त्याच सप्टेंबरमधलं आहे. फॅनी मे या घरकर्ज क्षेत्रातल्या बलाढ्य कंपनीने डिसेंबर २००७ मध्ये २५ डॉलरचे अग्रहक्क भाग ८.२५ टक्क्यांनी विकले होते, म्हणजे वर्षाला २ डॉलर ६ सेंट. ७ सप्टेंबर २००८ रोजी अमेरिकी सरकारने कंपनीचा ताबा घेतला आणि अग्रहक्क भागांचा लाभांश थांबला. हे भाग साठत जाणाऱ्या लाभांशाचे नव्हते, त्यामुळे चुकलेला लाभांश पुढे कधी मागायची सोय नव्हती. भाव कोसळले.

अशा भागाचा भाव समजा २ डॉलर झाला आणि कुणी सूत्र लावलं, तर उत्तर १०३ टक्के येईल. हा खर्च नव्हे आणि परतावाही नव्हे. अंशातला लाभांश मिळणारच नाही, असं बाजार त्या भावातून सांगत असतो. एखाद्या कंपनीच्या अग्रहक्क भागाचं उत्पन्न तशाच इतर कंपन्यांच्या दुप्पट-तिप्पट दिसलं, तर ते स्वस्त आहे असं मानण्याआधी अंश तपासावा: लाभांश चालू आहे का, चुकला तर साठतो का.

आपल्याकडे ‘कायमचे’ नाहीत

मराठी वाचकाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. भारतात साधी कंपनी कायमचे अग्रहक्क भाग काढूच शकत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम ५५ नुसार ते जास्तीत जास्त २० वर्षांत परत करावे लागतात; पायाभूत सुविधांच्या प्रकल्पांना काही अटींवर ३० वर्षांपर्यंत मुभा आहे. त्यामुळे इथल्या कंपनीच्या भागाला शाश्वत सूत्र जसंच्या तसं लावलं तर उत्तर चुकतं.

किती चुकतं, तेही पाहता येतं. १०० रुपयांचा, ८ रुपये लाभांशाचा भाग घ्या. बाजाराला १० टक्के हवे असतील तर शाश्वत सूत्र ८० रुपये सांगतं. २० वर्षांनी १०० रुपये परत मिळणार असतील तर किंमत ८३ रुपये येते. बाजार ६ टक्क्यांवर उतरला तर शाश्वत किंमत १३३ रुपये, २० वर्षांच्या भागाची १२३ रुपये. परतफेडीची तारीख भावाला दोन्ही बाजूंनी १०० कडे ओढून धरते. मुदत जितकी कमी तितकी ही ओढ जास्त. पाच वर्षं उरलेल्या भागाला तर शाश्वत सूत्र लावूच नये.

म्हणून परीक्षेच्या आधीच्या शेवटच्या तासाला मी फळ्यावर तीनच प्रश्न लिहितो. लाभांश दरवर्षी खरंच मिळणार आहे का? कंपनीच्या हातात निव्वळ किती आले, आणि त्यासोबत तिने आणखी काय देऊन टाकलं? हे भाग किती वर्षं राहणार आणि परत घेण्याचा हक्क कुणाकडे आहे? पहिला प्रश्न अंशाचा, दुसरा छेदाचा, तिसरा हे सूत्र लावायचं की नाही याचा. छापील टक्का त्यांतल्या फक्त पहिल्या प्रश्नापुरता कामाचा असतो.